केवडा थेंबानं, केशर काड्यांनी: बिर्याणीत आणि सणाच्या गोडात सुवास बेतानं कसे वापरावेत

ईद किंवा दिवाळी जवळ आली की बेळगावच्या रविवार पेठेत किराणा भरायला गेलेल्या माणसाच्या पिशवीत केशराची डबी, हिरवे वेलदोडे, गुलाबपाणी आणि केवड्याची बाटली अशा चारही गोष्टी येतात. घरी आल्यावर त्या चारही एकाच पातेल्यात पडतात. मग बिर्याणीचं झाकण उघडल्यावर मटणाचा वास येत नाही, तांदळाचा येत नाही, येतो तो अत्तराच्या दुकानाचा. चारही जिन्नस महाग, चारही चांगले, आणि तरी पहिल्या घासानंतर नको वाटतं.

माझं मत असं आहे की एका पातेल्यात एकच सुवास पुढे असावा, दुसरा त्याच्या मागे, आणि उरलेले डबीतच राहावेत. हे पाळायचं तर कोणता सुवास कशात विरघळतो, आचेवर किती टिकतो आणि कधी घालायचा, हे माहीत हवं. खाली एक किलो तांदळाची मटण बिर्याणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतली आहे. त्यानंतर श्रीखंड घेतलं आहे, कारण थंड पदार्थात हेच सुवास अगदी वेगळे वागतात.

आधी प्रत्येकाचा स्वभाव

केशरात तीन वेगळ्या गोष्टी असतात. रंग क्रोसिनचा, कडवट चव पिक्रोक्रोसिनची आणि वास सॅफ्रनालचा. क्रोसिन पाण्यात विरघळतं, तुपात नाही. त्यामुळे तुपात केशर टाकून रंगाची वाट पाहणं व्यर्थ आहे. कोमट दूध किंवा पाणीच हवं. ताज्या फुलातल्या केसराला हा वास जवळजवळ नसतोच. काड्या वाळवताना पिक्रोक्रोसिनपासून सॅफ्रनाल तयार होतं. म्हणून केशर वापरण्यापूर्वी जरा गरम केलं तर वास खुलतो, आणि म्हणूनच केशर जास्त झालं तर वासाबरोबर कडूपणाही वाढतो. केशर महाग आहे एवढ्याच कारणानं ते कमी घालायचं असं नाही. दुप्पट केशर घातलेलं दूध खरोखर कडू लागतं.

वेलदोड्याचा सुवास आतल्या काळ्या दाण्यांत, तेलाच्या रूपात असतो. सालाला फारसा वास नाही. हे तेल तूप-तेलात छान उतरतं, त्यामुळे अख्खा वेलदोडा फोडणीत चालतो, मटणाबरोबर तासभर शिजला तरी चालतो. पण दाणे कुटले की तेल उघडं पडतं आणि उडू लागतं. महिन्यापूर्वी कुटून ठेवलेल्या पुडीत उरतो तो निलगिरीसारखा वास. या साम्याला कारण आहे: वेलदोड्यात आणि निलगिरीत सिनिओल नावाचं एकच द्रव्य असतं. त्याच्या जोडीचा गोड, फुलासारखा वास मंदावला की हा औषधी वास तेवढा जाणवतो. वेलदोडा प्रमाणाबाहेर घातला तरी हाच औषधी वास पुढे येतो.

केवडा आणि गुलाब यांची गोष्ट आणखी वेगळी. दोन्ही फुलांचा अर्क वाफेवर काढतात. आपल्या देशात केवड्याच्या अर्काचं मोठं केंद्र ओडिशातला गंजाम जिल्हा, तर गुलाबासाठी कनौज आणि पुष्कर ही नावं ऐकू येतात. फुलं पाण्यात उकळायची, वाफ थंड करायची, आणि त्या वाफेबरोबर आलेला सुवास पाण्यात साठवायचा, अशी ती रीत. जो सुवास वाफेबरोबर भांड्याबाहेर काढता येतो, तो आपल्या उघड्या पातेल्यातूनही वाफेबरोबरच निघून जाणार. उकळत्या पाकात केवडापाणी घातलं की स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो तो याचमुळे. तो घमघमाट म्हणजे पदार्थातून गेलेला सुवास. थोड्या वेळानं पाक चाखल्यावर काहीच लागत नाही, मग माणूस आणखी ओततो.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

केवड्याच्या नावानं बाजारात तीन गोष्टी मिळतात आणि तिन्हींचं माप वेगळं आहे. केवडापाणी म्हणजे सौम्य अर्क, ते चमच्यानं मोजायचं. इसेन्स बहुधा कृत्रिम सुवासाचं असतं आणि खूप तीव्र असतं, ते थेंबानं मोजायचं. तिसरं म्हणजे देवपूजेसाठी किंवा अंगाला लावायला मिळणारं अत्तर. ते खायचं नाही, अगदी एक थेंबही नाही, कारण त्यातलं तेल किंवा द्रावण खाण्यासाठी केलेलं नसतं. काही भटारी ‘मीठा अत्तर’ वापरतात, ते खाण्यासाठी म्हणून वेगळं बनवलेलं असतं. बाटलीवर खाद्य परवाना क्रमांक आणि ‘खाद्य सुवास’ असा उल्लेख दिसला तरच ती स्वयंपाकघरात आणावी.

गुलाबपाण्याचंही असंच. चेहऱ्याला लावायचं गुलाबपाणी आणि खायचं गुलाबपाणी दुकानात शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, दोन्ही बाटल्या गुलाबी, दोन्हीवर फुलाचं चित्र. घाईत चूक होण्याची जागा हीच.

केशराची परख घरी करता येते. पांढऱ्या वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात तीन-चार काड्या टाका आणि हात न लावता पाहत राहा. खरं केशर सावकाश रंग सोडतं, पाणी सोनेरी पिवळं होत जातं आणि काडी बराच वेळ लालच राहते. टाकल्याबरोबर पाणी लालभडक झालं आणि काडी फिकी पडली तर तो वरून दिलेला रंग. आपल्या उत्तर कर्नाटकात करडई भरपूर पिकते, आणि तिच्या वाळलेल्या पाकळ्या लांबून केशरासारख्या दिसतात. त्या जवळून पाहिल्या की पाकळीची बारीक नळी आणि तिची फाटलेली टोकं दिसतात. केशराची काडी एका टोकाला कर्ण्यासारखी उमललेली असते. पाकळीला केशराचा वास तर मुळीच नसतो.

बिर्याणी: एक किलो तांदूळ, सव्वा किलो मटण

हे माप दहा-बारा माणसांचं आहे. मटण आधी मसाल्यात पूर्ण शिजवून घ्यायचं, तांदूळ अर्धाकच्चा उकडायचा आणि मग थर लावून दम द्यायचा, ही पद्धत धरली आहे.

सगळ्यात आधी ठरवायचं की पुढे कोण राहणार. ते तांदळावर आणि मसाल्यावर अवलंबून आहे. लांब दाण्याचा जुना बासमती आणि दह्या-कांद्याचा सौम्य मसाला असेल तर केवडा पुढे आणि केशर मागे, ही जोडी उत्तम. लखनवी आणि कोलकात्याच्या बिर्याणीत केवडा शोभतो तो यामुळेच, तिथला मसाला हलका असतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत पुदिना, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचं भरपूर वाटण असतं. त्या वाटणाचा वास स्वतःच उग्र आहे. तिथे केवडा निम्मा करा किंवा सोडून द्या आणि केशर पुढे आणा. बेळगाव-खानापूर पट्ट्यातला देशी बासमती किंवा दुसरा कुठला वासाचा तांदूळ हाती लागला असेल, तर मी केवड्याची बाटली उघडतच नाही. शिजताना घरभर दरवळणाऱ्या तांदळावर फुलाचा अर्क शिंपडला की ज्यासाठी जादा पैसे दिले तो वासच झाकला जातो.

गुलाबपाणी या हंडीत नको. केवडा आणि गुलाब दोन्ही फुलांचे वास, दोन्ही वरच्या पट्टीतले. एकत्र आले की दोघांचीही ओळख पुसते आणि साबणासारखं काहीतरी हाती लागतं.

आता केशर. एक ग्रॅमच्या डबीतला पाव भाग घ्या. एक ग्रॅममध्ये साधारण साडेचारशे काड्या भरतात, म्हणजे पाव ग्रॅम म्हणजे शंभर-सव्वाशे काड्या. काड्या कागदाच्या घडीत ठेवून ती घडी गरम झाकणावर मिनिटभर ठेवा. थेट तव्यावर केशर टाकू नका, ते काही सेकंदांत काळं पडतं आणि जळकं लागतं. काड्या कुरकुरीत झाल्या की चिमूटभर साखरेबरोबर छोट्या खलात घोटा. साखरेचे खडे काड्या बारीक करायला मदत करतात, आणि एवढ्याशा साखरेचा गोडवा एवढ्या भातात कळत नाही. ही पूड अर्धी वाटी कोमट दुधात घाला. बोट बुडवून सहज धरता येईल इतपतच दूध गरम असावं. उकळतं दूध नको. वर झाकण ठेवा आणि निदान अर्धा तास तसंच राहू द्या. मटण चुलीवर चढवतानाच केशर भिजवलं तर वेळ आपोआप मिळतो, आणि दोन तास भिजलं तर अधिकच चांगलं.

वेलदोडे या बिर्याणीत मागून आधार देतात. मटणाच्या फोडणीत सहा अख्खे, किंचित ठेचून. तांदळाच्या उकळत्या पाण्यात शहाजिरं आणि तमालपत्राबरोबर तीन-चार. वरून वेलदोडा पूड घालायची नाही. गरम मसाल्यात वेलदोडा आधीच असेल तर फोडणीतले दोन कमी करा. मोठा काळा वेलदोडा हा वेगळा मसाला आहे, त्याचा वास धुरकट असतो. हिरवा संपला म्हणून त्याच्या जागी तो घालू नये.

केवडा ठरला असेल तर केवडापाण्याचे दोन लहान चमचे, म्हणजे दहा मिली, एवढ्या हंडीला पुरतात. पण प्रत्येक कंपनीच्या पाण्याची तीव्रता वेगळी असते, त्यामुळे नवी बाटली असेल तर पहिल्यांदा एकच चमचा घाला. इसेन्स असेल तर अंदाजावर जाऊ नका, पुढची चाचणी करा. तिला पाच मिनिटं लागतात आणि ती चुकत नाही.

औषधाच्या दुकानातून ड्रॉपर आणा, कारण बाटली तिरकी केली की थेंबाऐवजी धार पडते. वीस लहान चमचे पाण्यात, म्हणजे शंभर मिलीत, इसेन्सचा एक थेंब टाका आणि ढवळा. आता एक वाटी गरम साधा भात घ्या, सुमारे दीडशे ग्रॅम. त्यावर या पाण्याचा एक चमचा शिंपडा, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी उघडून वास घ्या आणि एक घास खा. एक किलो तांदळाचा भात साधारण तीन किलो होतो, म्हणजे ही वाटी हंडीचा विसावा भाग आहे. आणि तुम्ही घातलेला चमचा हा थेंबाचा विसावा भाग आहे. त्यामुळे वाटीला एक चमचा पुरला तर सगळ्या हंडीला एक थेंब पुरेल, दोन चमचे लागले तर दोन थेंब, तीन लागले तर तीन. एकदा हे केलं की निकाल बाटलीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. ती बाटली संपेपर्यंत पुन्हा चाचणी करायला नको.

वाटीतला भात खाताना कसोटी अशी धरा: झाकण काढताना केवडा कळावा, घास चावताना मात्र तांदळाची चव पुढे यावी. घास गिळल्यावरही केवडाच रेंगाळत असेल तर तो जास्त झाला.

तांदूळ अर्धा तास भिजवून, मिठाच्या उकळत्या पाण्यात दाणा बाहेरून मऊ पण मध्ये कणीदार होईपर्यंत उकडा आणि निथळा. हंडीच्या तळाला तूप, त्यावर अर्धा भात, मग मटण, तळलेला कांदा, आणि वर उरलेला भात. चमच्याच्या दांड्यानं वरच्या भाताला चार-पाच ठिकाणी खड्डे पाडा. केशराचं दूध त्या खड्ड्यांत सोडा. सगळ्या भातावर सारखं पसरू नका. काही दाणे केशरी, काही पांढरे राहिले की प्रत्येक घासाला वेगळा वास लागतो, आणि तेवढ्याच केशराचा गुण अधिक दिसतो. रंग सगळीकडे दिसावा म्हणून खायचा रंग ओतायची सवय लागलेली असते. कर्नाटक सरकारनं 2024 मध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, घरच्या हंडीतही त्या रंगाची काही गरज नाही.

केवडा अगदी शेवटी. कणकेची वळी तयार ठेवा, झाकण हाताशी ठेवा, आणि मगच केवडापाणी बोटांनी वरच्या भातावर शिंपडा. इसेन्स असेल तर ठरलेले थेंब दोन चमचे थंड पाण्यात मिसळून शिंपडा. थेंब थेट भातावर पडला तर त्या एका घासात सगळा केवडा येतो. शिंपडलं की लगेच झाकण आणि कणकेनं सील. केशराच्या कोमट दुधात केवडा आधीच मिसळून ठेवू नका, अर्धा तास तो वाटीतूनच उडत राहील.

पाच मिनिटं मोठी आच, वाफ धरली की खाली तवा सरकवून वीस मिनिटं मंद आच. मग आच बंद, आणि दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. या दहा मिनिटांत वाफ निवते, झाकणाला लागलेले थेंब भातावर परत पडतात आणि त्यांच्याबरोबर केवडाही परत येतो. घाईनं उघडलं तर तो सगळा वास एका दमात छताकडे जातो. उघडल्यावर एका कडेनं, खालपर्यंत झारा घालून काढा, म्हणजे वरचा सुवासिक भात आणि खालचं मटण एकाच ताटात येतात.

एक सावधगिरी नाकाची. तासभर त्याच स्वयंपाकघरात उभं राहिलं की नाक त्या वासाला सरावतं आणि काहीच येत नाही असं वाटू लागतं. केवडा वाढवायची इच्छा नेमकी त्याच वेळी होते. अशा वेळी पाच-सात मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर जाऊन या, किंवा बाहेरून आत आलेल्या कुणाला तरी झाकणाजवळ बोलवा. “मावशी, जरा बघा, केवडा येतोय का?” या प्रश्नाला बाहेरून आलेल्या मावशींचं उत्तर तुमच्या नाकापेक्षा खरं असतं.

श्रीखंड: थंड पदार्थाचा हिशेब उलटा

श्रीखंडात वाफ नाही, त्यामुळे घातलेला सुवास उडून जात नाही. तो आतच राहतो आणि रात्रभरात पसरतो. दुसरीकडे, थंडपणामुळे वास नाकापर्यंत कमी पोचतो. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात, आणि बहुतेक वेळा माणूस दुसऱ्या गोष्टीला फसून जास्त घालतो.

एक किलो घट्ट चक्क्याला सातशे-आठशे ग्रॅम साखर धरा, चक्का किती आंबट आहे त्यावर. केशर एक ग्रॅमच्या डबीचा दहावा भाग, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस काड्या, पुरे. ते वर सांगितल्याप्रमाणे साखरेबरोबर घोटून फक्त दोन मोठे चमचे कोमट दुधात भिजवा. दूध जास्त घेतलं तर श्रीखंड सैल होतं. वेलदोडे पाच-सहा. सोलून दाणे साखरेतल्याच दोन चमचे साखरेबरोबर कुटा, चाळा, आणि ही सुवासिक साखर उरलेल्या साखरेत मिसळून डबा बंद करून रात्रभर ठेवा. साखर वेलदोड्याचा वास धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्या चक्क्यात सारखा लागतो, कुठे दाणा तोंडात येऊन एकदम तिखट लागत नाही.

साखर मिसळून, गाळून झालं की केशराचं दूध घाला आणि फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वी चाखा. आता वास थोडा कमी वाटला तरी तसंच राहू द्या. सकाळी पुन्हा पाहा. रंग गडद झालेला असेल, केशर पसरलेलं असेल. तरीही कमी वाटलं तर आणखी आठ-दहा काड्या भिजवून घालता येतात. घातलेलं काढता मात्र येत नाही.

जायफळ घालायची पद्धत असेल तर वेलदोडे निम्मे करा. गुलाब आवडत असेल तर केशर वगळा आणि थोडा गुलकंद मळून घाला. आंबट चक्क्याबरोबर गुलकंद चांगला जातो, आणि पाकळ्या दिसत असल्यानं तो कितपत झाला हे डोळ्यांनाही कळतं. केवडा श्रीखंडात मला कधीच पटलेला नाही. दह्याच्या आंबटपणावर तो उपरा वाटतो.

कुंदा, मांडे आणि खिरी

आपल्या कुंद्याचा खरा वास आटलेल्या दुधाचा आणि परतताना तांबूस होत गेलेल्या साखरेचा. त्याला वेलदोड्याची पूड पुरते, तीही पातेलं खाली उतरवल्यावर. केशर घातलं तर तपकिरी कुंद्यात रंग दिसत नाही आणि वास भाजक्या चवीखाली दबतो, म्हणजे पैसे वाया. केवडा तर ती भाजकी चवच झाकून टाकतो. मांड्यांच्या पिठीसाखरेत आणि गोकाकच्या करदंटातही वेलदोडाच राजा आहे, तिथे फुलांच्या अर्काला जागा नाही.

केवड्याला आणि गुलाबाला खरी जागा मिळते ती पांढऱ्या, सौम्य दुधाच्या पदार्थांत. फिरनी, शेवयांचा शीरखुर्मा, साधी तांदळाची खीर. एक लिटर दुधाच्या फिरनीला केवडापाण्याचा अर्धा ते एक लहान चमचा, तोही आच बंद करून दूध कोमट झाल्यावर. शीरखुर्म्यात खजूर, चारोळ्या आणि तुपावर परतलेल्या शेवया यांचा स्वतःचा वास आधीच असतो, म्हणून तिथे अर्ध्या चमच्यापुढे जाऊ नये. गुलाबजामच्या पाकालाही हाच नियम: पाक झाला, चूल बंद झाली, हात लावता येईल इतका निवला, मग गुलाबपाणी.

जास्त झालं तर काय करावं

पाकात केवडा किंवा गुलाब जास्त पडला असेल तर उपाय सोपा आहे. जामुन बाहेर काढा, पाकात अर्धी वाटी पाणी घाला आणि झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं उकळा. वाफेबरोबर बराच वास निघून जातो आणि घातलेलं पाणी आटून पाक पुन्हा पहिल्यासारखा होतो. कृत्रिम इसेन्स असेल तर थोडा वास मागे राहतो, पण खाण्याजोगं होतं.

बिर्याणीत जास्त झाला तर झाकण काढून हंडी मंद आचेवर पाच मिनिटं उघडी ठेवा, वरचा भात हलकेच मोकळा करा. तरीही नको वाटलं तर साधा मोकळा भात शिजवून वरच्या थरात मिसळा आणि मीठ-तूप सुधारा. वरून पुदिना किंवा लिंबू मारून केवडा झाकायचा प्रयत्न करू नका, दोन्ही वास भांडत राहतात.

वेलदोडा जास्त झाला तर दुधाच्या पदार्थात आणखी दूध किंवा खवा घालून प्रमाण वाढवणं हाच मार्ग. केशराचा कडूपणा कशानंही जात नाही. श्रीखंडात तो आला तर बाजूला साधा गोड चक्का करून त्यात मिसळावं लागतं, म्हणून थोडा चक्का आधीच राखून ठेवणं शहाणपणाचं.

ठेवण्याची रीत

केशर काचेच्या घट्ट बाटलीत, उजेडापासून दूर, कोरड्या कपाटात. फ्रीजमधून काढघाल केली की ओल धरते. वेलदोडे सालासकट ठेवा, लागतील तेवढेच सोला. केवडापाणी आणि गुलाबपाणी उघडल्यावर फ्रीजमध्ये, तारीख लिहून. इसेन्सची बाटली मात्र चहा, कणीक आणि साखरेच्या डब्यांपासून लांब, स्वतंत्र काचेच्या डब्यात ठेवा, कारण झाकण घट्ट असलं तरी वास बाहेर येतो आणि आठवड्यात चहाला केवडा लागतो. ज्या प्लास्टिकच्या चमच्यानं किंवा डब्यानं एकदा केवडा घेतला, तो दुसऱ्या कामाला वापरू नये. धुतला तरी प्लास्टिक वास सोडत नाही, स्टीलचा चमचा सोडतो.